'शी हॅज' म्हणून थांबायचं कधी?

प्रश्न: मी लिहिलं होतं, 'आय हॅव्हन्ट सीन द रिपोर्ट, बट शी हॅज सीन द रिपोर्ट.' सरांनी शेवटचे तीन शब्द खोडले, म्हणाले 'शी हॅज' एवढंच पुरे. मग 'आय अ‍ॅम नॉट रेडी टुडे, बट आय विल टुमॉरो' लिहिलं तर म्हणाले 'बी' हवं. बोलताना 'येस, आयव्ह' म्हटलं तर तेही चूक. नक्की काय गाळायचं आणि काय ठेवायचं?

उत्तर:

तुमच्या सरांनी तिन्ही ठिकाणी बरोबर सांगितलंय, आणि तिन्हीमागे कारण जवळजवळ एकच आहे. मुख्य क्रियापद आणि त्याच्या पुढचं जे काही आधी येऊन गेलंय ते गाळायचं. पहिलं सहाय्यक क्रियापद, म्हणजे शाळेत ज्याला हेल्पिंग व्हर्ब म्हणतात ते, ठेवायचं. ते ठेवावंच लागतं, कारण नवी माहिती त्याच्यावर असते. 'आय हॅव्हन्ट सीन द रिपोर्ट, बट शी हॅज' यात दुसऱ्या भागात नवीन काय आहे? एक म्हणजे माणूस बदलला, आणि दुसरं म्हणजे नकाराचा होकार झाला. माणूस 'शी'मध्ये आहे, होकार 'हॅज'मध्ये. 'सीन द रिपोर्ट' तर ऐकणाऱ्याच्या कानात अजून ताजं आहे.

मराठी माणसाचा इथे गोंधळ होतो त्याला कारण आहे. आपण छोट्या उत्तरात नेमकं उलट करतो. 'अहवाल पाहिलास का?' याला आपलं उत्तर 'पाहिला' किंवा 'हो, पाहिलाय'. कर्ता गेला, कर्म गेलं, राहिलं ते मुख्य क्रियापद. 'पाहिलाय'मध्ये 'आहे' आहे खरं, पण ते क्रियापदात इतकं विरघळलंय की वेगळं काढून त्यावर वाक्य उभं करता येत नाही. इंग्रजीत 'हॅव यू सीन द रिपोर्ट?' याला 'सीन' असं उत्तर होऊच शकत नाही. तिथे क्रियापद आणि कर्म जातात आणि कर्ता व सहाय्यक क्रियापद राहतात: 'आय हॅव'. म्हणून मराठीत विचार करून बोलणारा 'डिड यू सी इट?' ला 'येस, आय सॉ' म्हणतो. ऐकणाऱ्याला ते वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं, तो 'काय पाहिलं?' याची वाट बघत राहतो. 'येस, आय डिड' म्हटलं की विषय संपतो.

एक सोपी सवय लावून घ्या. प्रश्न ज्या शब्दाने सुरू झाला तोच शब्द उत्तरात परत करा. 'हॅव यू' असेल तर 'आय हॅव', 'डिड शी' असेल तर 'शी डिड', 'कॅन दे' असेल तर 'दे कॅन'. या एका सवयीने बऱ्याच चुका टळतात. 'डू यू हॅव अ की?' ला 'येस, आय हॅव' हे उत्तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, कारण डोळ्यासमोर 'हॅव' दिसत असतो. पण त्या प्रश्नात 'हॅव' हे मुख्य क्रियापद आहे, मदतीला आलाय तो 'डू'. म्हणून 'येस, आय डू'. तोच प्रश्न 'हॅव यू गॉट अ की?' असा आला तर मात्र 'येस, आय हॅव', कारण आता 'हॅव' मदतनीस आहे. आधीच्या वाक्यात मदतनीसच नसेल, नुसतं 'शी वर्क्स ऑन संडेज' असेल, तर इंग्रजी तिथे 'डू' उसना आणते: 'शी वर्क्स ऑन संडेज, बट आय डोन्ट.'

अपवाद एक लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'मस्ट आय साइन धिस?' याला नकार द्यायचा तर 'नो, यू मस्टन्ट' म्हणू नका. त्याचा अर्थ 'सही करायचीच नाही, मनाई आहे' असा होतो. 'गरज नाही' म्हणायचं असेल तर 'नो, यू डोन्ट हॅव टू' म्हणावं लागतं.

नकारार्थी प्रश्नाचंही इथेच उरकून घेऊ. 'हॅव्हन्ट यू सीन इट?' याला आपण 'हो, नाही पाहिला' म्हणतो. 'हो' म्हणजे 'तुझा अंदाज बरोबर आहे.' इंग्रजीत 'येस' आणि 'नो' समोरच्याच्या अंदाजाला उत्तर देत नाहीत, ते पुढच्या सहाय्यक क्रियापदाशी जुळतात. पाहिला नसेल तर 'नो, आय हॅव्हन्ट', पाहिला असेल तर 'येस, आय हॅव'. 'येस, आय हॅव्हन्ट' ऐकून समोरचा गोंधळतो. बोलताना आधी मनात 'हॅव' की 'हॅव्हन्ट' ते ठरवा, मग त्याला शोभेल असं 'येस' किंवा 'नो' त्याच्या आधी लावा.

आता 'येस, आयव्ह'. आखूड झालेलं सहाय्यक क्रियापद कमजोर असतं. 'आयव्ह सीन इट' म्हणताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो आणि आघात पुढच्या 'सीन'वर जातो. 'सीन' गाळलं की पुढे आघात घ्यायला कोणी उरत नाही, तो 'हॅव'लाच घ्यावा लागतो. ज्या शब्दावर आघात आला तो आखूड राहू शकत नाही. म्हणून 'येस, आय हॅव', आणि तेही 'हॅ' स्पष्ट उच्चारून. 'शीज', 'दे आर'चं 'देअर', 'आयल' या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. जागा रिकामी झाली की तिच्या लगेच आधीचं सहाय्यक क्रियापद पूर्ण लिहायचं आणि पूर्ण बोलायचं.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा शिकवला जात नाही. रिकामी जागा वाक्याच्या टोकालाच असेल असं नाही. 'शी इज टॉलर दॅन आय अ‍ॅम नाउ' यात 'अ‍ॅम'च्या पुढे 'नाउ' आहे, तरी 'आयम नाउ' चालत नाही, कारण 'टॉल' 'अ‍ॅम' आणि 'नाउ' यांच्या मधून गळलंय. 'आय डोन्ट नो व्हेअर शी इज टुडे' यातही 'शीज टुडे' म्हणत नाहीत. तिथे 'व्हेअर' उडी मारून पुढे गेलाय आणि त्याची मूळ जागा 'इज'नंतर रिकामी पडलीय. म्हणजे 'शेवटी आखूड करू नका' हा पाठ केलेला नियम अपुरा आहे. रिकाम्या जागेच्या आधी आखूड करू नका, हा खरा नियम.

नकारात मात्र आखूड चालतं. 'शी हॅजन्ट', 'आय वोन्ट', 'दे आरन्ट' यांवर वाक्य खुशाल संपवा, कारण तिथे आखूड झालाय तो 'नॉट'. 'हॅज' स्वतः शाबूत आहे आणि आघातही त्याच्यावरच आहे. 'शीज नॉट' सुद्धा चालतं, कारण आता आघात घ्यायला 'नॉट' पुढे उभा आहे. 'आय अ‍ॅम'च्या बाबतीत प्रमाण इंग्रजीत तोच एक मार्ग आहे: 'आयम नॉट'. आणि 'शी कुडव्ह' चालतं, कारण तिथे पहिलं सहाय्यक क्रियापद 'कुड' पूर्ण आहे, आखूड झालाय तो दुसरा.

तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण 'बी'ची भानगड या सगळ्यात अवघड आहे. आधी इतर क्रियापदं पाहा. 'आय हॅव्हन्ट फिनिश्ड, बट आय विल.' आधी 'फिनिश्ड' होतं, 'विल'नंतर मात्र 'फिनिश' हवं. रूप बदललं तरी इंग्रजी कुरकुर करत नाही, ऐकणारा योग्य रूप स्वतः भरून घेतो. 'शी कॉल्ड यस्टर्डे, अँड आय विल टुमॉरो' हेही चालतं. 'कॉल्ड'मधून 'कॉल' काढून घेतलं जातं.

'बी'ला ही सवलत नाही. 'आय अ‍ॅम नॉट रेडी टुडे' या वाक्यात 'अ‍ॅम' आहे, 'बी' हा शब्द कुठेही नाही. 'अ‍ॅम', 'इज', 'वॉज' ही रूपं मूळ 'बी'पासून इतकी दूर गेलीत की ऐकणारा त्यांतून 'बी' काढून घेत नाही. त्याच्याकडे उचलण्यासारखं आहे ते फक्त 'रेडी'. म्हणून 'रेडी' गाळता येतं, 'बी' लिहावं लागतं: 'बट आय विल बी टुमॉरो.' हे खरं आहे का ते उलट करून तपासा. 'शी विल बी रेडी बाय सिक्स, अँड आय विल टू' हे वाक्य बिनचूक आहे. इथे पहिल्या भागात 'बी रेडी' जसंच्या तसं आलंय, त्यामुळे दोन्ही शब्द एकदम गाळता आले. तसंच 'शी इज बिझी टुडे, अँड शी हॅज बीन ऑल वीक' यात 'बीन' ठेवावंच लागतं, कारण आधी फक्त 'इज' होतं. थोडक्यात, मागच्या वाक्यात 'बी' किंवा 'बीन' त्याच रूपात असेल तर गाळा, नसेल तर लिहा.

दोन-तीन सहाय्यक क्रियापदं ओळीने आली की थोडी मोकळीक मिळते. 'शुड शी हॅव बीन टोल्ड?' याला 'येस, शी शुड', 'शी शुड हॅव' आणि 'शी शुड हॅव बीन' अशी तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं सक्तीचं, बाकीची तुमच्या मर्जीवर. पण प्रश्नात ती मधली क्रियापदं नसतील आणि अर्थाला त्यांची गरज असेल तर मर्जी संपते. 'डिड शी कॉल?' याला 'कदाचित केला असेल' म्हणायचंय. 'शी मे' म्हटलं तर 'पुढे कदाचित करेल' असा अर्थ होतो. भूतकाळ राखायला 'शी मे हॅव' म्हणावंच लागतं. ब्रिटिश लोक इथे पुष्कळदा 'शी मे हॅव डन' म्हणतात. अमेरिकन माणूस ते 'डन' लावत नाही. दोन्ही बरोबर, फक्त एकाच लेखात दोन्ही मिसळू नका.

आतापर्यंत मुख्य क्रियापद गळत होतं. जोडवाक्यात कर्ता एकच असला की चित्र उलटं होतं. 'शी हॅज रेड द रिपोर्ट अँड साइन्ड इट.' इथे दुसऱ्या 'शी हॅज'ला सुट्टी मिळाली आणि क्रियापद राहिलं. गळालेला 'हॅज' दिसत नसला तरी त्याची सत्ता चालू असते. 'साइन्ड' हे रूप त्याच्याच हुकमावरून आलंय. म्हणून 'शी हॅज रिटन द लेटर अँड सेंड इट' चूक आहे, 'सेंट' हवं. वाक्य जितकं लांब, तितका तो अदृश्य 'हॅज' विसरला जातो. 'शी हॅज रेड द रिपोर्ट, मार्क्ड द मिस्टेक्स, अँड रिटर्न इट' अशा वाक्यात तिसऱ्या क्रियापदावर हमखास घसरायला होतं. प्रत्येक क्रियापदाआधी मनातल्या मनात 'हॅज' लावून वाचा. 'हॅज रिटर्न' असं ऐकू आलं की कान टोचतील.

याच घरातली एक चूक चांगल्या चांगल्या लिहिणाऱ्यांकडूनही होते: 'आय हॅव नॉट अँड विल नॉट साइन धिस.' पाठीवर थाप मिळावी असं ठसकेबाज वाक्य आहे, पण 'हॅव नॉट'ला 'साइन्ड' हवं आणि शेवटी आहे नुसतं 'साइन'. मघाशी तर आपण म्हटलं की रूप बदललं तरी इंग्रजी चालवून घेते, मग इथे का नाही? फरक दिशेचा आहे. पूर्ण क्रियापद आधी येऊन नंतर रिकामी जागा आली तर ऐकणारा रूप बदलून घेतो. रिकामी जागा आधी आणि क्रियापद शेवटी सामाईक असलं तर ते एकच रूप दोन्ही सहाय्यकांना बसावं लागतं. म्हणून उपायही सोपा: क्रियापद पहिल्या भागात आणा. 'आय हॅव नॉट साइन्ड धिस, अँड आय विल नॉट.' ठसकाही राहिला.

होकार-नकार बदलला की सहाय्यक क्रियापदाला सुट्टी देता येत नाही, हे जोडवाक्यात विशेष जपा. 'शी हॅजन्ट रेड द रिपोर्ट अँड साइन्ड इट' याचा अर्थ कोणाला कसा लागेल ते सांगता येत नाही, कारण 'हॅजन्ट'मधला नकार पुढच्या 'साइन्ड'वरही पसरतो. वाचलेला नाही पण सही केलीय, असं म्हणायचं असेल तर 'शी हॅजन्ट रेड द रिपोर्ट, बट शी हॅज साइन्ड इट' असं 'हॅज' परत आणूनच लिहावं लागेल.

एक छोटा मजकूर घेऊन हे सगळं लावून पाहू. एका विद्यार्थिनीने सहकाऱ्याला पाठवायचा निरोप असा लिहिला होता:

'यू आस्क्ड इफ वी हॅव चेक्ड द ड्राफ्ट. आय हॅव चेक्ड द ड्राफ्ट, बट राहुल हॅज नॉट चेक्ड द ड्राफ्ट. ही सेज ही विल चेक द ड्राफ्ट, बट ही इज नॉट फ्री टुडे, ही विल टुमॉरो. द लास्ट टेबल इज करेक्ट, बट द फर्स्ट टेबल इज नॉट करेक्ट.'

पहिल्या दोन वाक्यांत 'चेक्ड द ड्राफ्ट' तीनदा आलंय. प्रश्नात ते एकदा आलं, तेवढं पुरे: 'आय हॅव, बट राहुल हॅजन्ट.' इथे 'आयव्ह, बट' लिहायचा मोह होईल. तो आवरायचा, कारण 'हॅव'नंतर लगेच रिकामी जागा आहे. 'ही सेज ही विल' यावर थांबता येतं, 'चेक' अजून जवळ आहे. शेवटचं वाक्य 'द लास्ट टेबल इज करेक्ट, बट द फर्स्ट इजन्ट' असं होईल. इथे 'टेबल'ही गेलं, ते 'फर्स्ट'च्या जोरावर.

राहिलं 'ही विल टुमॉरो'. गंमत अशी की हे वाक्य व्याकरणाने चूक नाहीच. मधल्या 'फ्री'कडून 'बी' मिळत नाही म्हटल्यावर 'विल' त्याच्याही मागे जाऊन 'चेक द ड्राफ्ट'ला पकडतं, आणि अर्थ होतो 'उद्या तो मसुदा तपासेल'. तिला म्हणायचं होतं 'उद्या तो मोकळा असेल', त्याला 'ही विल बी टुमॉरो' हवं. मोकळा असणं आणि काम करणं यांत किती अंतर आहे हे राहुलला आणि त्याची वाट पाहणाऱ्या सहकाऱ्याला विचारा. संगणकावरची व्याकरण-तपासणी इथे सहसा मदत करत नाही, कारण दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. सुधारलेला निरोप असा:

'यू आस्क्ड इफ वी हॅव चेक्ड द ड्राफ्ट. आय हॅव, बट राहुल हॅजन्ट. ही सेज ही विल, बट ही इजन्ट फ्री टुडे. ही विल बी टुमॉरो. द लास्ट टेबल इज करेक्ट, बट द फर्स्ट इजन्ट.'

गाळण्याला मर्यादा दोनच सांगतो. 'ही हॅज कॉल्ड हिज मदर, अँड सो हॅव आय' यात मी कोणाच्या आईला फोन केला? बहुतेक जण 'स्वतःच्या' असं समजतील, पण 'त्याच्या आईला' असाही अर्थ निघतो. अशा वेळी गाळू नका, 'आय हॅव कॉल्ड माइन' असं स्पष्ट लिहा. दुसरी मर्यादा अंतराची. सहाय्यक क्रियापद मागे जाऊन सगळ्यात जवळचं, त्याला बसेल असं क्रियापद पकडतं. 'मीरा हॅज सेंट द फाइल, अँड राहुल हॅज ओपन्ड इट. आय हॅव्हन्ट.' याचा अर्थ 'मी उघडलेली नाही' असाच लागणार. तुम्हाला 'मी पाठवलेली नाही' म्हणायचं असेल तर 'आय हॅव्हन्ट सेंट एनीथिंग' असं क्रियापदासकट लिहा, शब्द वाढले तरी चालतील.